फायर ड्रिलच्या आधीचे तीन मिनिटांचे बोलणे : असेंब्ली पॉइंटबद्दल नेमके काय सांगावे?

पाळीप्रमुख

नमस्कार. येत्या गुरुवारी सकाळी आमच्या कारखान्यात फायर ड्रिल आहे आणि सायरन वाजवण्यापूर्वी कामगारांसमोर तीन मिनिटे बोलण्याचे काम या वेळी माझ्याकडे आले आहे. पहिल्या पाळीच्या हजेरीपटावर ११२ माणसे आहेत. असेंब्ली पॉइंट दोन आहेत. मशीनशॉप आणि प्रेसशॉपची ६४ माणसे मुख्य गेटाच्या आतल्या मोकळ्या जागेत जमतात, तर पॅकिंग आणि स्टोअरची ४८ माणसे मागच्या कुंपणापाशी जमतात. मी पुढील मसुदा लिहिला आहे.

«सहकारी मित्रहो, आज आपण अग्निसुरक्षेचा सराव करणार आहोत. आग केव्हाही आणि कोठेही लागू शकते, म्हणून आपण सदैव सतर्क राहिले पाहिजे. सायरन वाजल्यावर कोणीही घाबरून जाऊ नये. आपापले काम व्यवस्थित बंद करून, आपल्या वस्तू सांभाळून, सर्वांनी शिस्तीने बाहेर पडावे आणि असेंब्ली पॉइंटवर जमावे. तेथे मोजणी होईल. सर्वांनी सहकार्य करावे, ही विनंती.»

हे मोठ्याने वाचले तर पाऊण मिनिटात संपते. उरलेल्या वेळात काय सांगावे, हे जाणकारांनी सुचवावे.

हरहुन्नरी

मसुदा चांगला आहे, पण त्यात सर्वांत महत्त्वाची सूचना राहिली आहे. सायरन वाजला की माणूस सवयीने ज्या दाराने सकाळी आत आला त्याच दाराकडे वळतो, मग दुसरे दार दहा पावलांवर का असेना. म्हणून ‘सर्वांत जवळच्या दाराने बाहेर पडा’ हे वाक्य ठळकपणे सांगावे आणि त्याला जोडूनच ‘बाहेर आल्यावर जो असेंब्ली पॉइंट जवळ असेल तेथे उभे राहा’ असेही सांगावे. दोन्ही पॉइंटवरच्या आकड्यांची बेरीज ११२ आली की काम झाले. माणसांना उगीच इकडून तिकडे चालायला लावण्यात अर्थ नाही.

जुना सेफ्टीवाला

हरहुन्नरी यांचे पहिले वाक्य पूर्णपणे बरोबर आहे आणि ते भाषणात घ्यावेच. दुसरे वाक्य मात्र घेऊ नये. त्याचे कारण सविस्तर सांगतो, कारण सगळी मेख मोजणीत आहे.

मी ज्या कारखान्यात अनेक वर्षे होतो, तेथे एकदा रात्रपाळीत पॅकिंगच्या बाजूला खरीखुरी आग लागली. आग लहान होती, पण खोक्यांचा पुठ्ठा पेटल्यामुळे धूर फार झाला. हजेरीपटावर त्या विभागाची ४८ माणसे होती. असेंब्ली पॉइंटवर पर्यवेक्षकाने डोकी मोजली, ती बरोबर ४८ भरली आणि आत कोणी नाही असे त्याने अग्निशमन दलाच्या प्रमुखाला सांगितले. दोन-तीन मिनिटांनी एका कामगाराने विचारले की आपला अमुक माणूस कोठे दिसत नाही. तेव्हा उलगडा झाला की रांगेतला अठ्ठेचाळिसावा माणूस माल भरायला आलेल्या ट्रकचा क्लीनर होता आणि आमचा एक माणूस स्वच्छतागृहात अडकला होता. जवानांनी त्याला बाहेर काढले, तो वाचला. आकडा जुळला नसता तर त्याचा शोध आधी सुरू झाला असता. आकडा जुळला, हीच तेथे सर्वांत घातक गोष्ट ठरली.

तेव्हापासून डोकी मोजायची नाहीत, नावे पुकारायची, असा आमचा शिरस्ता झाला. नावे पुकारायची तर यादी विभागवार लागते आणि यादी ज्याच्या हातात आहे त्याच्यासमोरच त्या विभागाची माणसे उभी असावी लागतात. माणूस दुसऱ्या पॉइंटवर जाऊन उभा राहिला की एका यादीत तो बेपत्ता ठरतो आणि दुसऱ्या यादीत त्याचे नावच नसते. म्हणून दार जवळचे असावे, पण पॉइंट नेमून दिलेलाच असावा, हे दोन भाग भाषणात वेगवेगळ्या वाक्यांत सांगा. मागच्या दाराने बाहेर पडलेल्या मशीनशॉपच्या माणसाने इमारतीपासून दूर राहून, कुंपणाच्या कडेने, पुढच्या पॉइंटवर यावे. वाटेत धूर किंवा आग असेल तर त्याने तो हट्ट सोडून जेथे आहे त्याच पॉइंटवर थांबावे आणि यादीवाल्याला आपले नाव व विभाग लगेच सांगावा. यादीवाला ते वॉकी-टॉकीवरून पलीकडे कळवील.

आता तुमच्या मसुद्याकडे वळतो. ‘आपापले काम व्यवस्थित बंद करून’ आणि ‘आपल्या वस्तू सांभाळून’ हे दोन्ही तुकडे काढून टाका. पहिल्या तुकड्यामुळे सरळमार्गी माणूस हातातला जॉब पूर्ण करत बसतो आणि दुसऱ्यामुळे निम्मी माणसे कपाटांच्या खोलीकडे वळतात. लाल बटण हाताशी असेल तर दाबावे आणि निघावे, इतकेच सांगा. ‘असेंब्ली पॉइंटवर जमावे’ हे वाक्य तर दोन पॉइंट असलेल्या कारखान्यात काहीच सांगत नाही.

निवेदिका

धागा वाचून आनंद झाला. मीही एका सुरक्षा सप्ताहाच्या कार्यक्रमात निवेदन केले होते. सुरुवातीला चार ओळींची यमकबद्ध घोषणा घ्यावी आणि व्यासपीठावरील मान्यवरांचा उल्लेख करून मग विषयाकडे वळावे. माझ्याकडे अशा काही घोषणा आहेत, हव्या असल्यास येथे देते.

पाळीप्रमुख

निवेदिका, आभारी आहे. परंतु हा समारंभ नाही आणि व्यासपीठही नाही. कंप्रेसर चालू असताना, मशीनशॉपच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात उभे राहून मला बोलायचे आहे आणि माझ्या बोलण्यानंतर काही मिनिटांतच सायरन वाजणार आहे.

सेफ्टीवाले सर, तुमचे म्हणणे पटले. दोन प्रश्न आहेत. आमच्याकडे उष्णतोपचाराची एक भट्टी आहे. ती तशीच सोडून निघता येत नाही, तिचा गॅस बंद करावा लागतो. मग तेथल्या माणसांना काय सांगायचे? दुसरा प्रश्न असा की मागचा पॉइंट रंगाच्या स्टोअरपासून फार लांब नाही. तो भाग पेटला तर पॅकिंगच्या माणसांना तेथे उभे करणे बरोबर होईल का?

गेट नंबर दोन

मी गेटावरच्या सुरक्षा विभागात आहे. जुन्या सेफ्टीवाल्यांनी ट्रकच्या क्लीनरची जी गोष्ट सांगितली, तिला आमच्या बाजूने एक जोड देतो. दिवसभरात चालक, क्लीनर, यंत्र दुरुस्त करायला आलेले बाहेरचे तंत्रज्ञ आणि कंत्राटदाराने ऐनवेळी बदलून पाठवलेली माणसे आत येतात. त्यांची नावे कोणत्याही विभागाच्या यादीत नसतात, ती फक्त गेटावरच्या वहीत असतात. त्यामुळे भाषणात एक वाक्य त्यांच्यासाठी हवे: बाहेरून आलेल्या प्रत्येकाने, तो कोणत्याही कामासाठी आला असो, गेटाजवळच्या पॉइंटवर सुरक्षारक्षकासमोर उभे राहावे, आणि ज्या कामगाराबरोबर तो काम करत आहे त्या कामगाराने त्याला सोबत घेऊन बाहेर पडावे. त्या पाहुण्याला दारे माहीत नसतात. तो बिचारा ज्या वाटेने आला तीच शोधत राहतो.

आणखी एक विनंती. पुढच्या पॉइंटवर जमलेली माणसे हळूहळू पसरत रस्त्यावर येतात आणि बंबाची वाट अडते. सरावात हे दर वेळी घडते. पिवळ्या पट्ट्याच्या आत राहा, हेही बोलावे.

जुना सेफ्टीवाला

भट्टीचे उत्तर सोपे आहे, पण ते कडक शब्दांत द्यावे लागते. ‘भट्टीवरची माणसे’ असे म्हणू नका. त्या पाळीतल्या दोघांची नावे घ्या, एक मुख्य आणि एक पर्यायी. त्यांनी कोणता व्हॉल्व्ह बंद करायचा आणि त्याला जास्तीत जास्त किती वेळ द्यायचा हे आधी ठरलेले असावे. आमच्याकडे ती मर्यादा एक मिनिटाची होती आणि धूर दिसला तर तीही नाही. व्हॉल्व्ह बाहेरच्या भिंतीवर असेल तर उत्तमच, कारण मग आत थांबायचा प्रश्नच राहत नाही. ही दोन माणसे सर्वांत शेवटी येणार हे यादीवाल्याला ठाऊक असते. त्यामुळे ती वेळेत आली नाहीत तर त्यांची नावे सर्वांत आधी कळवली जातात. इतर कोणालाही थांबण्याची मुभा नाही, हे त्याच वाक्यात स्पष्ट करा, नाहीतर प्रत्येक ऑपरेटरला आपले यंत्र भट्टीइतकेच नाजूक वाटते.

दुसरा प्रश्न जास्त गंभीर आहे. हिरव्या पाटीवर चार बाण आणि मधे माणसांचा घोळका काढला म्हणून ती जागा सुरक्षित होत नाही. उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेलफलाटावर ६ जुलै १९८८ रोजी स्फोट होऊन आग लागली, तेव्हा बरीच माणसे शिकवल्याप्रमाणे निवासी भागात एकत्र आली आणि पुढच्या सूचनेची वाट पाहत राहिली. ती सूचना आलीच नाही आणि तो भाग धुराने भरला. त्या दुर्घटनेत १६७ माणसे गेली. जे वाचले त्यांच्यापैकी अनेकांनी तेथे थांबायचे नाही असे स्वतःच ठरवले होते. कारखान्याचे आवार म्हणजे समुद्रातला फलाट नव्हे, आपल्याला पळायला जमीन आहे. पण जमण्याची जागाच धोक्यात आली तर पुढे काय, हे आधी सांगून ठेवावे लागते, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे.

तुमच्या बाबतीत वारा पाहावा लागेल. वारा स्टोअरकडून मागच्या कुंपणाकडे वाहत असेल तर धूर थेट तुमच्या ४८ माणसांवर येणार. अशा वेळी यादीवाल्याने सगळा गट एकत्र, कुंपणाच्या कडेने, पुढच्या पॉइंटवर न्यायचा असतो. एकेकट्याने निघायचे नाही, नाहीतर मोजणीचा पुन्हा गोंधळ. शिवाय पॉइंट इमारतीच्या भिंतीच्या उंचीच्या निदान दीडपट अंतरावर असावा, कारण भिंत बाहेरच्या बाजूला कोसळू शकते. तुमचा मागचा पॉइंट एकदा टेपने मोजून पाहा.

मूकसाक्षी

मी प्रेसशॉपमध्ये काम करतो आणि मला दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येते. गेल्या सरावाच्या आधी आमच्या पर्यवेक्षकांनी सुंदर भाषण केले असे सगळे म्हणाले. माझ्यापर्यंत त्यातले काही पोहोचले नाही, कारण ते बोलताना हातातल्या कागदाकडे पाहत होते आणि मला त्यांचे ओठ दिसत नव्हते. सायरनही मला ऐकू आला नाही. शेजारच्या प्रेसवरचा माणूस निघून गेल्याचे दिसले तेव्हा मी यंत्र थांबवले. बाहेर आलो तर नावे पुकारणे चालू होते आणि माझे नाव पुकारून झाले होते. मी ‘हजर’ म्हटले नाही म्हणून मला बेपत्ता धरले गेले, आणि मी तर तेथेच उभा होतो.

माझे तीनच मुद्दे आहेत. बोलताना दाराकडे हाताने खूण करावी आणि चेहरा वर ठेवावा. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी शेजारच्या कोणी खांद्याला हात लावायचा, हे नाव घेऊन ठरवावे. नाव पुकारताना यादीवाल्याने माणसाकडे पाहावे. तसे आमच्याकडे कानांवर मफ लावून काम करणारे चांगले ऐकणारे लोकही बरेच आहेत. यंत्राजवळ सायरन त्यांनाही नीट ऐकू येत नाही. दिव्याची उघडझाप करणारा इशारा बसवावा, असे मी सांगून पाहिले आहे.

हरहुन्नरी

मूकसाक्षी यांचे म्हणणे वाचून नावे पुकारण्यातली अडचणही लक्षात आली. बेरजेचा मुद्दा मी मागे घेतो. मात्र एक शंका अजून आहे. हे सगळे आधी सांगून टाकले तर सरावाचा उपयोग काय? सर्वांना माहीत असते की काही मिनिटांत सायरन वाजणार, त्यामुळे सगळे दाराकडे तोंड करूनच उभे असतात. न सांगता सायरन वाजवला तर माणसे खरोखर किती वेळ जागेवर रेंगाळतात ते कळेल. माझ्या मते हे भाषणच नसावे.

जुना सेफ्टीवाला

तुम्ही म्हणता तो रेंगाळण्याचा वेळ सांगून केलेल्या सरावात मोजता येत नाही, हे खरे आहे. दरवाजापर्यंत चालायला माणसाला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त वेळ ‘हा सायरन खरा आहे की चाचणी’ हे ठरवण्यात जातो. पण ज्या पाळीत नवी कंत्राटी माणसे आहेत आणि कोणाचा पॉइंट कोणता हेच पक्के नाही, तेथे न सांगता सायरन वाजवला तर फक्त गोंधळ मोजला जाईल. मी आधी सांगून करीन आणि काही महिन्यांनी न सांगता करीन. याबाबत माझ्याच जुन्या सहकाऱ्यांचे माझ्याशी एकमत नाही, हेही सांगतो.

एक गोष्ट मात्र आधी सांगायलाच हवी. सराव चालू असताना खरेच काही घडले, कोणी पडले किंवा खरा धूर निघाला, तर ते कळवण्याचे शब्द ठरलेले हवेत. ‘सराव नाही’ हे तीनदा मोठ्याने म्हणायचे, असा आमचा संकेत होता.

पाळीप्रमुख

आपण सर्वांनी सांगितलेले विचारात घेऊन मसुदा नव्याने लिहिला आहे. सावकाश वाचला तर अडीच मिनिटे लागतात.

«मित्रांनो, थोड्याच वेळात सायरन वाजेल. हा सराव आहे. सायरन ऐकू आला किंवा शेजाऱ्याने खांद्याला हात लावला की हाताशी असलेले लाल बटण दाबा आणि लगेच निघा. कपाटाकडे वळू नका. भट्टीवरचे जे दोघे नेमलेले आहेत ते गॅसचा व्हॉल्व्ह बंद करून एका मिनिटात निघतील. त्यांच्याशिवाय कोणीही आत थांबायचे नाही.

तुमच्यापासून सर्वांत जवळचे दार आता मान वळवून पाहा. माझ्या उजव्या हाताला एक आहे, डाव्या हाताला एक आहे आणि माझ्या मागे तिसरे आहे. दार कोणतेही चालेल. उभे राहायची जागा मात्र ठरलेली आहे. मशीनशॉप आणि प्रेसशॉप मुख्य गेटापाशी उभे राहील, पॅकिंग आणि स्टोअर मागच्या कुंपणापाशी. दुसऱ्या बाजूने बाहेर पडलात तर इमारतीपासून दूर राहून कुंपणाच्या कडेने आपल्या जागेवर या. वाट बंद असेल तर आहात तेथेच थांबा आणि यादीवाल्याला नाव व विभाग सांगा. बाहेरून आलेला कोणी तुमच्याबरोबर असेल तर त्याला सोबत घ्या आणि गेटावरच्या रक्षकापाशी पोहोचवा.

तेथे डोकी मोजली जाणार नाहीत, नावे पुकारली जातील. तुमच्या शेजारी रोज असणारा माणूस दिसत नसेल तर नाव पुकारेपर्यंत थांबू नका, लगेच सांगा आणि त्याला शेवटचे कोठे पाहिले तेही सांगा. त्याला शोधायला स्वतः आत जाऊ नका. पिवळ्या पट्ट्याच्या आत राहा, बंबाची वाट मोकळी ठेवा. सराव संपल्याची सूचना मी स्वतः देईन. सायरन थांबला म्हणजे परत यायचे असे नाही. मधेच खरे काही घडले तर ‘सराव नाही’ हे शब्द तीनदा ऐकू येतील.»

गेट नंबर दोन

सायरन थांबल्याचे वाक्य फार बरे केलेत. आमच्याकडे सायरन बंद झाला की निम्मी माणसे आत वळतात आणि त्यांना थोपवताना आमचा घसा बसतो.

जुना सेफ्टीवाला

उत्तम. एकच सूचना. भट्टीवरच्या दोघांना ‘नेमलेले’ म्हणू नका, प्रत्यक्ष बोलताना त्यांची नावे घ्या. आणि यादी कोठे ठेवली आहे ते पाहून घ्या. ती इमारतीच्या आत असेल तर तिचा उपयोग नाही.

पाळीप्रमुख

सराव झाला, म्हणून जे घडले ते नोंदवतो. सायरन ११ वाजून ४ मिनिटांनी वाजला. पुढच्या पॉइंटवर शेवटचा माणूस ११ वाजून ८ मिनिटांनी पोहोचला. नावे पुकारल्यावर तेथे ६४ पैकी तिघांनी उत्तर दिले नाही. मागच्या पॉइंटवर ४८ च्या यादीत सर्व हजर होते आणि शिवाय दोघांनी आपण मशीनशॉपचे असल्याचे सांगितले. ते दोघे ट्रॉली घेऊन स्टोअरकडे गेले होते आणि मागच्या दाराने बाहेर पडले होते. वाट मोकळी असल्यामुळे त्यांनी खरे तर कुंपणाच्या कडेने यायला हवे होते, पण नाव सांगितल्यामुळे वॉकी-टॉकीवर एका मिनिटात उलगडा झाला.

तिसऱ्या माणसाने मात्र घाम फोडला. तो सकाळी दहा वाजता अर्ध्या दिवसाची रजा घेऊन घरी गेला होता आणि त्याच्या गेटपासची प्रत माझ्याच केबिनच्या खणात, म्हणजे इमारतीच्या आत होती. गेटावरच्या वहीत नोंद होती, पण ती बाहेर जाणाऱ्यांच्या पानावर. ते पान कोणी उघडले नाही. तो आत नाही हे ठरायला ११ वाजून १९ मिनिटे झाली. खरी आग असती तर त्या वेळात जवान त्याला शोधायला धुरात शिरले असते, आणि तो घरी.

मागच्या पॉइंटचे अंतर टेपने मोजले. भिंत नऊ मीटर उंच आहे आणि पॉइंट अकरा मीटरवर आहे. दीडपटीचा हिशेब साडेतेरा मीटरचा होतो. मागे सरकायला कुंपण आडवे येते. पाटी कुंपणाच्या कोपऱ्याकडे हलवावी असे मी कळवले आहे. व्यवस्थापनाचे म्हणणे आहे की त्या कोपऱ्यावरून विजेच्या तारा जातात.

जुना सेफ्टीवाला

तारांखाली अजिबात नको, त्यांचे म्हणणे योग्य आहे. ४८ माणसेही पुढेच आणता येतात का ते तपासा. पिवळ्या पट्ट्यात ११२ माणसे मावतात का आणि तेवढी उभी असताना बंब वळतो का, हे गेट नंबर दोन यांच्यासारख्या माणसाला प्रत्यक्ष उभे करून पाहावे लागेल.

मूकसाक्षी

नाव पुकारताना यादीवाल्याने माणसाकडे पाहिले का, ते तुम्ही लिहिले नाही.

पाळीप्रमुख

पुढच्या पॉइंटवर पाहिले. मागच्या पॉइंटवर मी नव्हतो, विचारून सांगतो.